डेबिट कार्डावर लांब नाव का तुटते आणि अर्ज भरतानाच ते कसे वाचवावे

खानदेशात पूर्ण नाव सांगायचे म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिन्ही सांगायचे, हा शिरस्ता आहे. दहावीच्या गुणपत्रिकेपासून सातबारापर्यंत तो सर्वत्र पाळला जातो आणि बँकेचे खातेही याच तीन पदरी नावाने उघडते. त्यामुळे पहिले डेबिट कार्ड घरी येते तेव्हा पुष्कळ नव्या खातेदारांना धक्का बसतो. पासबुकावर नाव पूर्ण असते, कार्डावर मात्र आडनावाचे एकच अक्षर उरलेले असते, किंवा वडिलांच्या नावाच्या जागी नुसते आद्याक्षर असते, किंवा आडनावाचे शेवटचे अक्षर गळालेले असते. कार्ड बनावट तर नाही ना, खात्यातच नाव चुकले तर नाही ना, पैसे अडकतील का, असे प्रश्न मग शाखेच्या काउंटरवर विचारले जातात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील ज्यांना नुकतेच पहिले कार्ड मिळाले आहे किंवा मिळणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नाव नेमके कोठे आणि का तुटते, ते तुटू नये म्हणून अर्जात काय लिहावे आणि तुटलेच तर केव्हा बदलून घ्यावे, एवढेच यात सांगितले आहे.

मर्यादा आली कोठून

बँकेच्या कार्डाचा आकार जगभर एकच आहे: रुंदी ८५.६० मिलिमीटर आणि उंची ५३.९८ मिलिमीटर. पूर्वी कार्डावरचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि नाव ही तिन्ही यंत्राने ठोकून उठावदार केली जात असत. दुकानदार ते कार्ड एका हातयंत्रात ठेवून त्यावर कार्बनची पावती दाबून फिरवत असे आणि उठावाचा ठसा पावतीवर उतरत असे. या ठोकणीच्या यंत्रात प्रत्येक अक्षराचा साचा ठराविक रुंदीचा असतो. नावाच्या ओळीत एका इंचात दहा अक्षरे बसतात, म्हणजे प्रत्येक अक्षराला २.५४ मिलिमीटर जागा लागते. येथे आयसारखे अरुंद अक्षर आणि डब्ल्यूसारखे रुंद अक्षर सारखीच जागा घेतात, आणि दोन शब्दांमधली मोकळी जागाही पूर्ण एका अक्षराची असते. या हिशेबाने २६ अक्षरांची ओळ ६६ मिलिमीटर लांब होते. डाव्या कडेचे अंतर सोडून आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातील बोधचिन्हाचा विचार करून पाहिले, तर यापेक्षा फारसे काही त्या ओळीत मावणार नाही हे लक्षात येते.

परंतु आज बहुतेक कार्डांवर नाव सपाट छापलेले असते आणि छपाईत अक्षरे बारीक करता येतात. मग मर्यादा अजून का आहे? कारण नाव कार्डाच्या पृष्ठभागाखेरीज आणखी दोन ठिकाणी लिहिले जाते. एक ठिकाण म्हणजे कार्डाच्या मागची काळी चुंबकीय पट्टी. या पट्टीच्या पहिल्या मार्गिकेवर एकंदर ७९ चिन्हे बसतात आणि त्यांतच कार्ड क्रमांक, नाव, मुदत आणि बँकेची तांत्रिक माहिती मावावी लागते. या मार्गिकेची रचना आयएसओ ७८१३ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलेली असून त्यात नावासाठी किमान २ आणि कमाल २६ चिन्हे दिलेली आहेत. त्या लिपीत केवळ इंग्रजी मोठी अक्षरे, अंक आणि मोजकी विरामचिन्हे आहेत. देवनागरीला तेथे जागाच नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे चिप. रिझर्व्ह बँकेने केवळ चुंबकीय पट्टी असलेली कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातली होती, त्यामुळे आता हाती येणारे कार्ड चिपचेच असते. चिपमध्ये जागा भरपूर असते, तरीही जुन्या पट्टीशी मेळ राहावा म्हणून नावाचा रकाना तेथेही २ ते २६ चिन्हांचाच ठेवलेला आहे. त्याहून लांब नावांसाठी २७ ते ४५ चिन्हांचा आणखी एक रकाना चिपच्या मानकात आहे खरा, पण तो ऐच्छिक आहे, आणि तो भरला तरी कार्डाच्या दर्शनी भागावरील ओळ त्यामुळे वाढत नाही. म्हणून २६ हा आकडा लक्षात ठेवावा. पुढील सगळे गणित त्याच्याच भोवती फिरते.

येथे आपल्या भाषेचा एक गुण आड येतो. ज्ञानेश्वर हे नाव देवनागरीत चार अक्षरांचे आहे, इंग्रजीत लिहिताना मात्र त्याची अकरा अक्षरे होतात. सूर्यवंशीचेही तसेच, चाराची अकरा. जोडाक्षरे, दीर्घ स्वर आणि महाप्राण व्यंजने इंग्रजीत उतरवताना प्रत्येक ध्वनीला दोन-तीन अक्षरे लागतात, आणि त्यातच आपल्याकडे नावाला राव, बाई, सिंग, भाऊ यांसारखी जोड असते. म्हणून कागदावर लहान दिसणारे मराठी नाव कार्डाच्या ओळीत शिरताना फुगते. याउलट नंदुरबारकडील वळवी, पाडवी, गावित यांसारख्या आटोपशीर आडनावांच्या खातेदारांना ही अडचण क्वचितच भेडसावते.

छाटले जाणे आणि आखूड होणे

आपला अर्ज शाखेत गेल्यानंतर नाव कोणत्या वाटेने कार्डावर पोहोचते, हे समजून घेतले की तुटण्याचे कारण स्पष्ट होते. खाते उघडताना दिलेले पूर्ण नाव बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत नोंदले जाते, आणि तेथे पूर्ण नाव मावण्याइतकी जागा असते. कार्डाची मागणी झाल्यावर ते नाव कार्ड विभागाच्या प्रणालीत जाते. तेथून दररोजच्या मागण्यांची एक फाइल तयार होऊन कार्ड छापणाऱ्या केंद्राकडे जाते. या फाइलमध्ये प्रत्येक माहितीला ठराविक रुंदीचा रकाना असतो. रकाना २६ चिन्हांचा असेल तर सत्ताविसावे चिन्ह त्यात शिरतच नाही. या वाटेवर नाव वाचून ते बरे दिसते की नाही हे पाहणारा माणूस सहसा कोणी नसतो.

लांब नावाचे येथे दोन प्रकारे काय ते होते. काही प्रणाली रकाना भरला की पुढचे सरळ कापून टाकतात. काही प्रणाली आधी मधल्या नावाचे आद्याक्षर करतात आणि नाव मावते का ते पाहतात. पहिल्या प्रकारात नाव छाटले जाते, दुसऱ्यात ते आखूड होते. आखूड झालेले नाव अर्थपूर्ण राहते. छाटलेले नाव कोठेही तुटू शकते, कारण यंत्र फक्त मोजते, नाव आणि आडनाव यांतला फरक त्याला कळत नाही. आपल्याला टाळायची आहे ती छाटणी.

उदाहरणादाखल शिरपूर तालुक्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे नाव कल्पून पाहू. त्याच्या पासबुकावरील नाव असे आहे:

```
DNYANESHWAR PANDHARINATH SURYAWANSHI
```

पहिल्या शब्दात ११, दुसऱ्यात १२ आणि तिसऱ्यात ११ अक्षरे आहेत. त्यांची बेरीज ३४ होते. दोन मोकळ्या जागा धरल्या की एकूण ३६ चिन्हे झाली, म्हणजे मर्यादेपेक्षा १० जास्त. सरळ कापणाऱ्या प्रणालीत २६ वे चिन्ह कोणते येते ते पाहा:

```
DNYANESHWAR PANDHARINATH S
```

वडिलांचे नाव पूर्ण राहिले आणि आडनावाचे फक्त पहिले अक्षर उरले. दक्षिणेकडील एखाद्या माणसाला हे नाव पाहून पंढरीनाथ हेच आडनाव वाटेल. आता मधल्या नावाचे आद्याक्षर करून पाहू:

```
DNYANESHWAR P SURYAWANSHI
```

अकरा, एक, एक, एक आणि अकरा मिळून २५ चिन्हे झाली. नाव आणि आडनाव दोन्ही पूर्ण राहिले आणि एक जागा शिल्लकही राहिली. अर्जात आपण स्वतः असे लिहिले असते तर यंत्राला कापण्याचे कारणच उरले नसते.

या उदाहरणात चूक निदान उघड दिसते. नरेंद्रसिंग रामसिंग गिरासे अशा नावाच्या बाबतीत ती लपते. इंग्रजीत त्याची २७ चिन्हे होतात, मर्यादेपेक्षा केवळ एक जास्त. कापल्यावर कार्डावर असे उमटते:

```
NARENDRASING RAMSING GIRAS
```

येथे एकच अक्षर गेले आहे, त्यामुळे हे वाचणाऱ्याला टंकनाची चूक वाटते. खातेदार शाखेत येऊन बँकेने माझे आडनाव चुकीचे लिहिले अशी तक्रार करतो. शाखेत संगणकावर पाहिले तर नाव अगदी बरोबर दिसते, आणि मग दोन्ही बाजूंना उलगडा होत नाही. आडनावाचे शेवटचे एक-दोन अक्षर गेलेले दिसले, तर तक्रार करण्याआधी कार्डावरील चिन्हे मोकळ्या जागांसह मोजावीत. ती नेमकी २६ भरली, किंवा त्या बँकेच्या अर्जात जितकी घरे आहेत तितकी भरली, तर ती टंकनाची चूक नसून छाटणी आहे हे निश्चित समजावे.

पहिली पायरी: खात्यातील नाव पाहणे

पासबुकाच्या पहिल्या पानावर किंवा बँकेच्या मोबाइल अॅपमध्ये आपले नाव इंग्रजीत कसे नोंदलेले आहे ते पाहावे आणि जसेच्या तसे कागदावर उतरवून घ्यावे. दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. एक म्हणजे क्रम. गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आणि खाते त्या आधाराने उघडले असेल तर बँकेतही आडनाव पहिले नोंदलेले असू शकते. अशा वेळी छाटणी वडिलांच्या नावावर येते आणि आडनाव वाचते, पण मधले नाव कोणते हे ओळखण्यात आखूड करणारी प्रणाली फसू शकते आणि आपल्या स्वतःच्या नावाचेच आद्याक्षर करून टाकते.

दुसरी गोष्ट म्हणजे तुटक लिहिलेली नावे. शांताबाई हे एक नाव आहे, परंतु नोंद करताना शांता आणि बाई असे दोन शब्द झाले असतील, तर यंत्राला ते वेगळे शब्द दिसतात. सिंग आणि राव यांच्या बाबतीतही हे वारंवार घडते. तीन शब्दांचे नाव चार किंवा पाच शब्दांचे होते, प्रत्येक वाढीव मोकळी जागा एक चिन्ह खाते, आणि आद्याक्षर चुकीच्या शब्दाचे होते. तुटक नोंद आधार आणि पॅनशी जुळत नसेल, तर ती दुरुस्त करून घेणे योग्य आहे. ती जुळत असेल, तर तिला हात न लावता केवळ कार्डावरच्या नावापुरता विचार करावा.

दुसरी पायरी: मर्यादा शोधणे आणि मोजणे

२६ ही मानकाची कमाल मर्यादा आहे. बँका आपल्या कार्डाच्या आराखड्याप्रमाणे त्याहून कमी घरे ठेवू शकतात, आणि अनेक अर्जांत ती २६ पेक्षा कमी असतात. कागदी अर्जात ‘कार्डावर हवे असलेले नाव’ अशा अर्थाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे चौकोनी घरे आखलेली असतात. ती मोजली की त्या बँकेची मर्यादा कळते. अॅपमधून किंवा संकेतस्थळावरून मागणी करताना त्या रकान्यात अक्षरे टंकत जावीत. ज्या चिन्हानंतर पुढचे अक्षर उमटत नाही, तेथे मर्यादा संपली. घरे आखलेली नसतील, तर काउंटरवर विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत २० चिन्हांच्या आत बसेल असे नाव मनात तयार ठेवावे.

मोजताना मोकळी जागा धरायला विसरणे, ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे. तीन शब्दांच्या नावात दोन मोकळ्या जागा असतात आणि त्या दोन चिन्हांनी पुष्कळदा निकाल फिरतो. आद्याक्षरापुढचा पूर्णविरामही एक चिन्ह घेतो. वरच्या उदाहरणात पी या अक्षरापुढे पूर्णविराम दिला असता तर २५ ची नेमकी २६ चिन्हे झाली असती. २६ घरांच्या अर्जात ते नाव कसेबसे मावले असते, पण २५ घरांच्या अर्जात पूर्ण आडनावाचे शेवटचे अक्षर गेले असते. म्हणून पूर्णविराम देऊच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. त्याने नावात काही भर पडत नाही.

तिसरी पायरी: नावाचा आखूड रूपात मेळ बसवणे

येथे क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी श्री, श्रीमती, मिस्टर, मिसेस यांसारखी उपाधी काढावी. ती किती महाग पडते याचे एक उदाहरण पाहू. शकुंतलाबाई विश्वासराव पाटील या नावाची इंग्रजीत ३० चिन्हे होतात. नाव उपाधीसह गेले आणि २६ वर कापले गेले, तर उरते ते असे:

```
MRS SHAKUNTALABAI VISHWASR
```

आडनाव समूळ गेले आणि पतीचे नावही अर्धवट राहिले. उपाधी काढून आणि मधले नाव आद्याक्षरावर आणून तेच नाव २१ चिन्हांत नीट बसते:

```
SHAKUNTALABAI V PATIL
```

उपाधी गेल्यावर मधल्या नावाचे आद्याक्षर करावे. बहुतेक खानदेशी नावे या दोन बदलांनीच २६ च्या आत येतात. तरीही नाव मावत नसेल, तर मधले आद्याक्षर काढून नाव आणि आडनाव एवढेच ठेवावे. सूर्यवंशी यांच्या उदाहरणात तसे केल्यास २३ चिन्हे होतात. अर्जात वीसच घरे असतील, तर शेवटचा उपाय म्हणून स्वतःच्या नावाचेही आद्याक्षर करावे आणि आडनाव पूर्ण ठेवावे:

```
D P SURYAWANSHI
```

आडनाव शेवटपर्यंत पूर्ण ठेवण्याचे कारण व्यवहारी आहे. हॉटेलात किंवा परगावच्या दुकानात ओळखपत्राशी कार्ड ताडून पाहणारा माणूस आधी आडनाव जुळते का ते पाहतो. आद्याक्षरे जुळली आणि आडनाव जुळले की त्याचे समाधान होते. आडनावच अर्धवट असेल तर प्रश्न निर्माण होतात.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळावा. नाव मावावे म्हणून स्पेलिंगमधले अक्षर गाळू नये. सोनवणे हे आडनाव इंग्रजीत सात अक्षरांत लिहिता येते आणि आठ अक्षरांतही लिहिता येते, म्हणून एक अक्षर वाचवण्यासाठी आधारवर नसलेले स्पेलिंग कार्डावर घेणे चुकीचे आहे. आद्याक्षर हे मूळ नावाचे मान्य संक्षिप्त रूप आहे. बदललेले स्पेलिंग मात्र दुसरे नाव ठरू शकते.

चौथी पायरी: अर्जात लिहिणे

अर्जात दोन नावे मागितलेली असतात हे नीट पाहावे. वरच्या भागात खातेदाराचे पूर्ण नाव विचारलेले असते. तेथे आखूड नाव मुळीच लिहू नये, कारण ते आधार आणि पॅनशी ताडले जाते. कार्डावरील नावाची ओळ वेगळी असते, आणि तीच आपल्या ताब्यातील ओळ आहे. ती कोरी सोडली तर बँकेची प्रणाली खात्यातील पूर्ण नाव उचलते आणि तिच्या नियमाप्रमाणे कापते. माझ्या पाहण्यात आलेल्या तुटक्या नावांपैकी बहुतेकांचे मूळ या कोऱ्या ओळीत होते. घाईच्या दिवशी, विशेषतः कापसाच्या किंवा केळीच्या हंगामात शाखेत गर्दी असताना, अर्ज भरून देणारा ही ओळ सोडून पुढे जातो. ती आपण स्वतः भरावी. एका घरात एकच मोठे इंग्रजी अक्षर लिहावे आणि दोन शब्दांमध्ये एकच घर मोकळे सोडावे. अर्ज देण्यापूर्वी मोबाइलवर त्या पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे, म्हणजे पुढे तक्रार करायची वेळ आली तर आपण काय लिहिले होते ते दाखवता येते.

पुष्कळ शाखांत खाते उघडताच लिफाफ्यातून तयार कार्ड हाती देतात. त्यावर नाव छापलेलेच नसते, कारण ते कार्ड खातेदार येण्याआधीच तयार झालेले असते. ते पूर्णपणे वैध असते. नावाचे कार्ड हवे असल्यास त्यासाठी वेगळी मागणी नोंदवावी लागते आणि कार्डावरील नावाची ओळ तेव्हा भरता येते.

पाचवी पायरी: कार्ड आल्यावर तपासणे

लिफाफा उघडल्यावर नाव अर्जातील नावाशी अक्षर अक्षर ताडून पाहावे. त्यानंतर एकदा दुकानात कार्ड यंत्रात घालून पिनसह व्यवहार करावा आणि निघणारी पावती पाहावी. अनेक यंत्रे चिपमधील नाव पावतीवर छापतात. तेथे आडनाव आधी, मग तिरपी रेघ आणि मग नाव असे काहीसे दिसू शकते:

```
SURYAWANSHI/DNYANESHWAR P
```

ही चूक नाही. चुंबकीय पट्टीच्या जुन्या रचनेत आडनाव आधी लिहून पुढे तिरपी रेघ देण्याचा प्रघात आहे आणि तोच येथे उमटतो. कार्ड यंत्राला नुसते टेकवून केलेल्या व्यवहाराच्या पावतीवर मात्र नाव बहुधा येत नाही, कारण बिनस्पर्श व्यवहारात नाव बाहेर न देण्याची काळजी घेतलेली असते.

नाव तुटलेच असेल तर

घाबरून जाऊ नये. एटीएममधून पैसे काढताना कार्डावरचे नाव कोणी तपासत नाही. तेथे कार्डाची चिप, क्रमांक आणि पिन यांवर व्यवहार होतो. दुकानातील यंत्रातही तसेच आहे. ऑनलाइन खरेदीत नाव टंकायला सांगतात, तेथे कार्डावर जसे दिसते तसेच, तुटके असले तरी तसेच टंकावे. भारतातील बँक मंजुरी देताना क्रमांक, मुदत, मागील तीन अंकी क्रमांक आणि ओटीपी यांवर भर देते. ओटीपीसारखी जादा खातरजमा रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना लागू केलेली आहे.

खात्यात पैसे येण्याशी कार्डावरील नावाचा संबंध नाही. उलट खरी अडचण येते ती कार्डावरील नाव इतरत्र उतरवल्याने. शिष्यवृत्तीच्या, पीकविम्याच्या किंवा नोकरीच्या अर्जात बँकेतील नाव मागितलेले असते आणि खिशात कार्ड असते, म्हणून विद्यार्थी त्यावरचे तुटके नाव अर्जात लिहून मोकळा होतो. तेथे नाव जुळत नाही आणि अर्ज परत येतो. अशा प्रत्येक ठिकाणी पासबुकावरील नावच लिहावे. एनईएफटी आणि आरटीजीएसने पैसे पाठवणाऱ्याला आता लाभार्थ्याचे नाव आधी पाहता येते, आणि तेथेही खात्यातील पूर्ण नाव दिसते, कार्डावरचे दिसत नाही.

कार्ड बदलून घेणे मला दोनच प्रसंगी योग्य वाटते. परदेशी जायचे असेल आणि हॉटेलात किंवा भाड्याच्या वाहनासाठी पासपोर्टसोबत कार्ड दाखवावे लागणार असेल, तर आडनाव पूर्ण असलेले कार्ड प्रवासाच्या पुरेसे आधी मागवावे. तसेच छाटणीमुळे नाव भलत्याच माणसाचे वाटत असेल, तरीही ते बदलावे. कामासाठी सुरतेला किंवा पुण्याला जाणाऱ्याला एखाद्या अक्षराच्या छाटणीसाठी कार्ड बदलण्याची गरज नाही.

बदलून घ्यायचे ठरले, तर मागणीत ‘कार्डावरील नावात बदल’ असे स्पष्ट लिहावे. ‘नावात बदल’ एवढेच लिहिले, तर कर्मचारी खात्यातील मूळ नाव बदलण्याचा अर्ज पुढे करू शकतो, आणि तो भरला तर बरोबर असलेले नाव आखूड होऊन आधार व पॅनशी विसंगत होईल. हा घोटाळा निस्तरणे तुटक्या कार्डापेक्षा कितीतरी त्रासाचे आहे. नव्या कार्डासाठी बँक शुल्क घेऊ शकते, ते आधी विचारून घ्यावे. अर्जाच्या छायाचित्रात आपण नाव बरोबर लिहिलेले दिसत असेल आणि तरी कार्डावर वेगळे आले असेल, तर शुल्क न घेता कार्ड बदलून द्यावे अशी लेखी मागणी करावी. ही सगळी कामे शाखेत किंवा बँकेच्या स्वतःच्या अॅपमध्येच करावीत. कार्डावरचे नाव दुरुस्त करून देतो असे फोनवर सांगून ओटीपी किंवा पिन मागणारा माणूस बँकेचा नसतो, कारण नाव छापण्यासाठी या दोहोंपैकी कशाचीच गरज लागत नाही.

नव्या कार्डाचा क्रमांक आणि मागील तीन अंक बहुधा बदललेले असतात, त्यामुळे ज्या ठिकाणी जुने कार्ड साठवलेले आहे किंवा ज्यावरून दरमहा हप्ता आपोआप वजा होतो, तेथे नवे कार्ड नोंदवावे लागते. नवे नाव कार्ड विभागाच्या नोंदीत कायम झाले का, हेही शाखेत विचारून घ्यावे. ते केवळ त्या एका मागणीपुरते लिहिले गेले असेल, तर मुदत संपल्यावर आपोआप येणारे पुढचे कार्ड पुन्हा खात्यातील पूर्ण नावावरून तयार होते आणि छाटणी पुन्हा त्याच अक्षरावर येते. म्हणून कार्डावरील मुदतीच्या महिन्याआधी दोन-तीन महिने शाखेत एकदा चौकशी करावी आणि नोंद नसेल तर कार्डावरील नावाची ओळ भरलेला अर्ज त्याच वेळी द्यावा.